सीओ अटेनमेंटचं प्रेझेंटेशन: आठ मिनिटांत डिपार्टमेंट मीटिंगमधे नेमकं काय दाखवायचं?

होटगीरोड
नमस्कार मंडळी. सोलापुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला शिकवते, कॉलेज विद्यापीठाशी संलग्न आहे, ऑटोनॉमस नाही. शनिवारी डिपार्टमेंट मीटिंग आहे आणि एचओडी सरांनी सगळ्यांना सांगितलंय की आपापल्या विषयाचं सीओ अटेनमेंट आणि रिझल्ट घेऊन फॅकल्टी रिव्ह्यूचं पीपीटी करून आणा, प्रत्येकाला आठ मिनिटं. माझा विषय सेकंड इयरचा स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, वर्गात ६४ मुलं. एक्सेल तयार आहे, मॅपिंग आहे, फायनल आकडेही आलेत. सीओ-२ म्हणजे एसएफडी-बीएमडीवाला १.४, सीओ-३ बेंडिंग स्ट्रेसचा २.०, सीओ-४ टॉर्शनचा २.३. टार्गेट १.५ आहे, म्हणजे फक्त सीओ-२ थोडक्यात हुकलाय.

आता प्रश्न असा की जुन्या पीपीटी बघितल्या तर सगळ्यांनी एक्सेलचा स्क्रीनशॉट चिकटवलाय, शेवटच्या बाकावरून काय मुंगीसुद्धा दिसत नाही, आणि शेवटी "एक्स्ट्रा लेक्चर घेण्यात येतील" असं एक वाक्य. तसं करायचं नाहीये पण मग काय करायचं तेही कळेना. दुसरं म्हणजे टॉर्शन २.३ कसं काय आलं हे मलाच पटत नाहीये, वर्गात तर टॉर्शन म्हटलं की मुलांचे चेहरे उतरतात.

कडक_भाकरी
एवढं टेन्शन कशाला घेता मॅडम. तुम्ही विद्यापीठ आणि इंटर्नलचं वजन ७०-३० धरलेलं दिसतंय. एनबीएचा नियम ८०-२० आहे. तसं करा, सीओ-२ आपोआप १.५ च्या वर जातो, मग गॅपच नाही आणि ॲक्शन प्लॅनही लिहायला नको. वरून एक्झिट सर्व्हेचं घाला, मुलं डोळे झाकून ३ देतात. आमच्याकडं सगळे हेच करतात.

बाई_अक्कलकोट
आमच्या शाळेतही अध्ययन निष्पत्तीचं असंच असतं हो. मी तिसरीला शिकवते. आम्ही भिंतीवर तक्ता लावतो, कोणाला वाचन येतं कोणाला नाही ते प्रत्येकाच्या नावापुढं रंगीत टिकल्या लावून. केंद्रप्रमुख आले की आधी तिकडंच बघतात. तुम्ही पण तसा रंगीत तक्ता करा, मुलांच्या नावासकट, लगेच कळतं.

होटगीरोड
बाई, कल्पना छान आहे पण ही मीटिंग फक्त स्टाफची आहे, आणि मुलांची नावं स्क्रीनवर दाखवणं मला बरोबर वाटत नाही. रंगाचं मात्र घेते.
@कडक_भाकरी तुमचं करून बघितलं, खरंच १.६ येतंय. पण मग आतापर्यंत काय मोजत होतो आपण?

तुळई
मॅडम, तुमच्या शेवटच्या ओळीतच खरा मुद्दा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी ८०-२० चं. तो नियम नाही. संलग्न कॉलेजांच्या एसएआर फॉरमॅटमधे अटेनमेंट कसं काढायचं ते समजवायला उदाहरण दिलंय, त्यात ८०-२० आहे, आणि लोकांनी उदाहरणालाच नियम करून टाकलं. वजन डिपार्टमेंटनं ठरवायचं, कारण लिहून ठेवायचं, आणि वर्षावर्षाला सोयीनं फिरवायचं नाही. लेव्हलचंही तसंच, ६० टक्के मुलं टार्गेटला पोचली तर १, ७० टक्के तर २, ८० टक्के तर ३, हेही उदाहरणातलंच आहे.

आता तुमचा १.४ कुठून आला ते उलगडून बघा. विद्यापीठाकडून तुम्हाला मुलाचे ७० पैकी एकूण मार्क मिळतात, कुठल्या प्रश्नाला किती ते मिळत नाही. म्हणजे विद्यापीठ परीक्षेची जी काय लेव्हल आली असेल, समजा २, ती सगळ्या सीओंना सारखीच चिकटते. तुमच्या तिन्ही आकड्यांत १.४ हा भाग सारखाच आहे, ०.७ गुणिले २. सीओ-२ चा आकडा बरोबर १.४ आहे याचा अर्थ इंटर्नलमधे सीओ-२ ची लेव्हल शून्य आहे. थोडक्यात हुकलेला नाही तो, इंटर्नलमधे पार आडवा झालाय, आणि विद्यापीठाच्या सरासरीनं त्याला उचलून धरलंय. टॉर्शनचं उलटं, तिथं इंटर्नलला ३ आहे म्हणून २.३. आणि ८०-२० केलं की काय होतं, जो भाग सगळ्यांना सारखा आहे तोच अजून जाड होतो, सीओ-सीओमधला फरक पुसट होत जातो.

म्हणून मीटिंगमधे फायनल आकडा एका कोपऱ्यात ठेवा आणि टेस्टमधला प्रश्ननिहाय डेटा पुढं आणा. तुमच्या टेस्टचा पेपर आणि प्रश्नवार मार्क टाका इथं, मग बोलू.

होटगीरोड
सर, विद्यापीठाचं बरोबर ओळखलंत. टार्गेट ३५ मार्क ठेवलं होतं, ६४ पैकी ४६ जणांना मिळाले, ७२ टक्के, म्हणून लेव्हल २.

टेस्ट २० मार्कांची होती. प्रश्न १ आठ मार्क, कंपल्सरी, ओव्हरहँगिंग बीमचा एसएफडी-बीएमडी. प्रश्न २ सहा मार्क, बेंडिंग स्ट्रेस, तोही कंपल्सरी. मग प्रश्न ३ किंवा ४, सहा मार्क, तिसरा शिअर स्ट्रेसचा आणि चौथा टॉर्शनचा. ६० मुलं हजर होती, ४ गैरहजर. प्रत्येक प्रश्नात ६० टक्के मार्क हे टार्गेट. प्रश्न १ मधे ६० पैकी ३३ जण पोचले. टॉर्शन १८ जणांनी सोडवलं, त्यातले १५ पोचले.

तुळई
मिळालं की उत्तर. १५ भागिले १८, ८३ टक्के, लेव्हल ३. पण वर्गातल्या ४२ हजर मुलांनी टॉर्शनला हातच लावला नाही. ज्यांना येतं त्यांनीच तो प्रश्न निवडला, मग लेव्हल ३ येणारच. हा आकडा टॉर्शनबद्दल काहीच सांगत नाही, त्या १८ मुलांबद्दल सांगतो.

दादा_नोडल
इथं मी असहमत. आमच्या कॉलेजच्या आयक्यूएसीत आम्ही ठरवलंय की भागाकार नेहमी एकूण नोंदणी झालेल्या मुलांनीच करायचा, म्हणजे ६४ नी. ज्यानं प्रश्न सोडवला नाही त्याला तो येत नाही असंच धरायचं. नाहीतर प्रत्येक जण आपल्या सोयीचा भाजक निवडतो. एकच नियम, सगळ्यांना लागू.

तुळई
दादा, एकच नियम हवा हे शंभर टक्के मान्य. पण 'किंवा' असलेल्या प्रश्नात तुमचा नियम लावला तर टॉर्शनला १५ भागिले ६४, म्हणजे २३ टक्के. पेपरनंच सांगितलं दोघांतला एकच सोडवा, मुलानं ऐकलं, आणि आपण त्याला न सोडवलेल्याचं शून्य देतोय. जो मुलगा शिअर स्ट्रेस सोडवून सहापैकी सहा घेतो तो टॉर्शनमधे नापास कसा? कंपल्सरी प्रश्नात तुमचं काही प्रमाणात पटतं. प्रश्न समोर होता, सोडवला नाही, तर शून्य धरायला हरकत नाही. गैरहजर मात्र वेगळे ठेवा.

मी म्हणतो दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. टॉर्शन: सोडवणारे ६० पैकी १८, त्यातले पोचलेले १५. लेव्हलच्या रकान्यात ३ असू दे, पण खाली "निष्कर्ष काढता येत नाही" असं स्वच्छ लिहा. पुढच्या वेळी टॉर्शन कंपल्सरीत टाका, हाच त्या सीओचा ॲक्शन प्लॅन.

एक्सेलमधे हे आपोआप बिघडतं ते असं. मूळ शीटमधे न सोडवलेला प्रश्न रिकामा असतो, पण कोणीतरी ईआरपीत भरताना रिकाम्या जागी ० टाकतं. COUNT रिकामा सेल मोजत नाही, AB लिहिलेला मोजत नाही, पण ० मोजतो. प्रश्न १ ची टक्केवारी आणि प्रश्न ४ किती जणांनी सोडवला, अशी दोन सूत्रं देतो. बी रकान्यात हजेरीचा P आहे असं धरलंय:

```
=COUNTIF(D5:D68,">=4.8")/COUNTIF(B5:B68,"P")
=COUNT(G5:G68)/COUNTIF(B5:B68,"P")
```

दुसऱ्याचं उत्तर ३० टक्के यायला पाहिजे. १०० टक्के आलं तर समजा रिकाम्या जागी शून्य बसलेत. आणि उत्तर विचित्रच कमी आलं तर बघा आकडे सेलमधे डावीकडं चिकटलेत का, ईआरपीतून उतरवलेल्या शीटमधे ते टेक्स्ट म्हणून येतात आणि COUNT त्यांना ओळखच देत नाही.

दादा_नोडल
ठीक आहे पण तुमच्या पद्धतीनं 'किंवा' प्रश्नात अवघड सीओ टाकून कोणीही लेव्हल ३ काढेल. शेजारचा छोटा आकडा ऑडिटला कोण वाचतं. मी तरी ६४ वरच राहणार.

पुणेकर_झालोय
आमचं कॉलेज ऑटोनॉमस झाल्यापासून फायनल परीक्षेचंही प्रश्नवार मिळतं, कारण पेपर आपण काढतो आणि तपासतोही आपणच. त्यामुळं हे सगळ्या सीओंना एकच लेव्हल प्रकरण गेलं. पण नवीन दुखणं असं की एका प्रश्नात तीन उपप्रश्न आणि तिघांचे सीओ वेगळे, आणि तपासणारा वर फक्त बेरीज लिहितो. पेपर काढतानाच एका उपप्रश्नाला एकच सीओ हा नियम करा, नंतर एक्सेलमधे कितीही झगडून उपयोग नाही. मी आलो पुण्यात पण पार्क चौकातल्या संध्याकाळी अजून आठवतात, असो.

कडक_भाकरी
बरं बाबा, ८०-२० मागं घेतो. पण १.४ चं मीटिंगमधे दाखवून मॅडमना काय मिळणार? एचओडी म्हणणार तुमची मुलं नापास, तुम्ही एक्स्ट्रा लेक्चर घ्या. एकदा सोडून दोनदा बघितलंय मी.

तुळई
म्हणूनच प्रश्न १ मधे गाडी नेमकी कुठं अडली ते दाखवायचं. "सीओ-२ कमी" असं म्हटलं की एक्स्ट्रा लेक्चरच मिळतं. मॅडम, बीम काय दिला होता?

होटगीरोड
A ते B सहा मीटर, B च्या पुढं दोन मीटर ओव्हरहँग. A ते B पूर्ण लांबीवर १० किलोन्यूटन प्रति मीटर यूडीएल, ओव्हरहँगच्या टोकाला ३० किलोन्यूटन पॉइंट लोड. रिॲक्शन A ला २०, B ला ७०. मार्किंग स्टेपवाईज होतं: रिॲक्शन २, एसएफडी २, शिअर शून्य कुठं होतो आणि तिथला मोमेंट २, बीएमडीचा आकार आणि कॉन्ट्राफ्लेक्शर २.

सर तुम्ही विचारल्यावर काल बसून साठही पेपर पुन्हा चाळले, नुसती स्टेपवार खूण करत. रिॲक्शन ५२ जणांची बरोबर. एसएफडी ४४ जणांचा बरोबर. शिअर शून्यची जागा फक्त २४ जणांनी बरोबर काढली! उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी सरळ मधोमध तीन मीटरवर मोमेंट काढलाय, १५ लिहिलंय. खरं तर A पासून दोन मीटरवर २० येतो. एसएफडी स्वतः बरोबर काढलाय, त्यात शिअरची रेघ दोन मीटरवर शून्याला छेदताना दिसतेय, आणि खाली बीएमडीत कमाल मोमेंट तीन मीटरवर. म्हणजे वरची आकृती आणि खालची आकृती एकमेकींना ओळखतच नाहीत.

तुळई
झाली तुमची स्लाईड! चार दांड्यांचा बार चार्ट: ५२, ४४, २४ आणि चौथी कॉन्ट्राफ्लेक्शरची. ४४ वरून २४ वर जी घसरण आहे तिथं लाल रंग, अक्कलकोटच्या बाईंची टिकली. स्लाईडचं शीर्षक "सीओ-२ ॲनालिसिस" असं ठेवू नका, "एसएफडी जमतो, पण शिअर शून्यची जागा मुलं वापरत नाहीत" असं पूर्ण वाक्य ठेवा. मागं बसलेल्यांनी तेवढं वाचलं तरी पुरे.

आणि हिशोब बघा. ज्या ४४ जणांचा एसएफडी बरोबर आहे त्यांचे रिॲक्शनही बरोबर असणार, म्हणजे चार मार्क हातात. टार्गेट ४.८. त्यांना एवढी एक पायरी जमली असती तर ४४ भागिले ६०, ७३ टक्के, इंटर्नलची लेव्हल शून्यावरून थेट २. एवढ्या एका पायरीसाठी अख्ख्या युनिटचं एक्स्ट्रा लेक्चर लागत नाही, दोन ट्युटोरियल पुरतात. हे मीटिंगमधे बोलून दाखवा.

चादरवाला
मधेच बोलतो, मी मास्तर नाही, साईट इंजिनिअर आहे, सात रस्त्याजवळ ऑफिस. तुमच्या ह्या बीममधे सगळ्यात मोठा मोमेंट मधला २० नाहीच, B सपोर्टवरचा ६० आहे, उलट्या दिशेचा. मेन सळई तिथं वर पाहिजे. A पासून चार मीटरवर मोमेंट चिन्ह बदलतो, तिथून पुढं वरच्या बाजूला ताण. नवीन पोरं येतात ती डोळे मिटून सगळी सळई खाली टाकायला सांगतात, बाल्कनी अशाच पडतात. किती मुलांनी B चा ६० हाच कमाल असं लिहिलं ते मोजलं का? तो आकडा मला १५ का २० यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

होटगीरोड
काका हे मोजलंच नव्हतं, कारण त्याला वेगळे मार्क नव्हते. मार्किंग स्कीममधेच नाही तर अटेनमेंटमधे कुठून येणार, हे आत्ता डोक्यात शिरलं. परत पेपर काढते.

अजून एक विचारायचंय. टेम्प्लेटमधे "मागील वर्षाशी तुलना" असा रकाना आहे. मागच्या वर्षी सीओ-२ चा १.९ होता, दुसरे सर शिकवत होते. तो लावला तर माझ्यावरच उलटणार.

तुळई
मागच्या वर्षीचा टेस्ट पेपर बघितला का? सिंपली सपोर्टेड बीमवर पूर्ण यूडीएल असेल तर शिअर शून्य आपोआप मधोमधच येतो, मुलांना शोधावा लागतच नाही. तसं असेल तर १.९ आणि १.४ ही तुलनाच होत नाही. दोन्ही प्रश्नांच्या आकृत्या शेजारी लावा, बोलायला लागणार नाही. पण "मागचा पेपर सोपा होता" असं तोंडानं म्हणू नका, मागचे सर समोरच बसलेले असणार.

होटगीरोड
बघितला. सिंपली सपोर्टेडच होता 😄

पुणेकर_झालोय
शेवटच्या स्लाईडवर मागणी लिहा, नुसता प्लॅन नको. "टाइमटेबलमधे दोन ट्युटोरियल तास आणि पंधरा मिनिटांची फेरटेस्ट, त्याच चार पायऱ्यांवर" असं. तारीख आणि नाव घाला. पुढच्या मीटिंगला ती फेरटेस्टच दाखवायची, २४ चे किती झाले. फक्त फेरटेस्टचा बीम वेगळा द्या, नाहीतर मुलं दोन मीटर पाठ करून येतील.

होटगीरोड
मीटिंग झाली, सांगायला आले. चारच स्लाईड केल्या. पहिलीवर छोटा तक्ता, सीओ, सोडवणारे किती, पोचलेले किती, आणि उजवीकडं फिकट अक्षरात फायनल आकडा. दुसरीवर चार दांड्या. तिसरीवर दोन वर्षांचे दोन बीम. चौथीवर मागणी. स्क्रीनशॉट एकही नाही, पूर्ण शीट छापून एचओडी सरांपुढं ठेवली होती, त्यांनी ती उघडलीही नाही. चार दांड्यांवरच पाच मिनिटं गेली, कारण डिझाईनवाले सर म्हणाले की थर्ड इयरलाही हीच बोंब आहे. काकांचा आकडाही सांगितला, ६० पैकी फक्त ११ जणांनी B चा मोमेंट कमाल म्हणून लिहिलाय. त्यावर मार्किंग स्कीममधे त्याला एक मार्क ठेवायचं ठरलं.

ट्युटोरियल एकच मिळालं, दोन नाही. फेरटेस्ट मंजूर. टॉर्शनवर मात्र वाद झाला, निम्मे दादांच्या बाजूचे, निम्मे तुळई सरांच्या, शेवटी सर म्हणाले पुढच्या मीटिंगला बघू. मागचे सर काही बोलले नाहीत, चहाच्या वेळी मात्र त्यांचा पेपर मला मागून घेतला.

दादा_नोडल
मिनिट्समधे टॉर्शनचा आकडा कुठला लिहिला, २.३ का दुसरा?

होटगीरोड
२.३ लिहिलाय, आणि खाली "१८ जणांनी सोडवला" ही ओळ. ती ओळ टायपिस्टनं गाळली होती, मी परत घालून घेतली.

कडक_भाकरी
मॅडम ती चार दांड्यांची शीट इथं टाका की, नावं काढून. आमच्याकडं पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे आणि माझा फ्लुइडचा सीओ-३ पण असाच १.४ वर बसलाय.